गोल टेबलाभोवतीची आठ माणसं

मागच्या बँक परीक्षेत रिझनिंगच्या वीस मिनिटांतली अकरा मी गोल टेबलाभोवती आठ माणसं बसवण्यात घालवली आणि थोडक्यात बाद झालो. त्या आठ जणांवर माझा दात होता.

यंदा आठवडा उरला तेव्हा बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपली की रोज दोन तास काढले. पहिले दोन दिवस असमानता आणि सांकेतिक भाषा, पुढचे तीन बैठकव्यवस्था, शेवटचे दोन सराव परीक्षा आणि झालेल्या चुका.

सहाव्या दिवशी सराव परीक्षेत तेच टेबल आलं. पुन्हा अडकलो, वेळ संपली, पेन आपटलं. बायको जवळच्या दांडी गावची, कोळ्याघरची. म्हणाली, "भाव नाय पटला तर तुमी माझ्या आईच्या मासळीच्या पाटीवरूनपण उठून जाता. मग हितंच का अडून बसता?"

सातव्या दिवशी टेबल दिसताच मी "ठेव तुझ्याकडेच!" म्हणत पुढे गेलो. सोपे प्रश्न उरकून परतलो, तरी सहा मिनिटं शिल्लक. आठही जण मुकाट जागेवर बसले. मी स्वयंपाकघरात नाचलो. बायको म्हणाली, "उद्या परीक्षेत नका नाचू, हाकलतील."

नाचलो नाही. पण पास झालो.