वजाबाकीशिवाय आलेलं उत्तर

यावलच्या शाळेत अंकमालिका शिकवताना माझा एकच हुकूम असे: आधी शेजारच्या आकड्यांची वजाबाकी मांडा. २, ३, ७, १६, ३२ यांतले फरक १, ४, ९, १६, म्हणजे ओळीने वर्गसंख्या. पुढचा फरक २५, म्हणून उत्तर ५७. वजाबाकी न मांडता उत्तर सांगणाऱ्याला मी बाकावर उभं करी.

एकदा तपासणीला आलेल्या दिपोटीसाहेबांनी फळ्यावर लिहिलं: ३, २०, ६, १८, १२, १६. पुढे काय? सगळा वर्ग वजाबाकीला लागला. मीही मनात तेच करत होतो आणि फरकांचा काही मेळ बसत नव्हता.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीच्या पाटीवर साहेबांना २४ दिसले. त्यांना येताना पाहून तिने ते तळव्याने पुसून टाकले.

"बरोबर होतं की," साहेब म्हणाले. "एक सोडून एक आकडा पाहिलास ना? तीन, सहा, बारा दुप्पट होत जातात, मधले दोनदोनने उतरतात. मग पुसलंस का?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "वजाबाकी नव्हती केली."

साहेबांनी खडू माझ्यापुढे धरला. "मास्तर, आता तुम्ही समजावून सांगा."

मी फळ्याजवळ गेलो. मी तोंड उघडण्याआधीच सगळ्या वर्गाने वजाबाकी मांडायला पाट्या पुसून घेतल्या.