कोणबाई आणि साडेपाचनंतरचा अर्ज

रसायनाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सगळी इमारत ‘कोणबाई’ म्हणते. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर ‘मॅडम, मॅडम’ करत मागे फिरतात आणि पाठ वळली की कोणबाई. नाव पडलं त्यांच्या हिरव्या पेनामुळे. बाईंकडे कसलाही अर्ज आला की त्या तो चक्क वाचतात, आणि इथेच लोकांचा निम्मा घोटाळा होतो. मग जिथे जिथे ‘घेण्यात येईल’, ‘करण्यात येईल’, ‘पाहण्यात येईल’ दिसेल तिथे बाजूला हिरव्या शाईत एकच शब्द लिहून अर्ज परत. कोण?

बाईंचंही काही चुकत नव्हतं. सात वर्षांपूर्वी कोणीतरी संध्याकाळी प्रयोग चालू ठेवून घरी गेलं, पाण्याची रबरी नळी निसटली आणि सकाळी प्रयोगशाळेत घोट्याएवढं पाणी. त्या माणसाच्या अर्जात स्वच्छ लिहिलं होतं, ‘आवश्यक ती खबरदारी घेण्यात येईल’. तीन महिने चौकशी चालली. खबरदारी कोण घेणार होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. फरशी मात्र बाईंनी आणि प्रयोगशाळेच्या दादांनी पुसली.

आणि घरी जावं तर घरी नवरा. हा गृहस्थ एका सरकारी कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला. मोरीचा नळ गळतोय म्हटलं की पेपरातून मान वर न करता म्हणणार, “बघितलं जाईल.” दिवसभर तेच वाचायचं आणि संध्याकाळी तेच ऐकायचं. माणसाने करावं तरी काय?

अशात ती पीएचडीची मुलगी अर्ज घेऊन आली. विषय : कार्यालयीन वेळेनंतर प्रयोगशाळेतील टेबल वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. खाली दोन ओळी. सुरक्षेची योग्य ती काळजी घेण्यात येईल. देखरेखीची व्यवस्था करण्यात येईल. आपली विश्वासू.

“हे तू लिहिलंस?” बाईंनी विचारलं.

“हो मॅडम. म्हणजे, आधीच्या सिनियरचा अर्ज होता त्यावरून.”

“आणि त्याने त्याच्या सिनियरवरून. बस. काय करायचंय ते तोंडाने सांग.”

मुलीने सांगितलं. साडेनऊला प्रयोगशाळा उघडते, मांडणीत तास जातो. मग मिश्रण आठ तास इथेनॉलमध्ये उकळत ठेवायचं. ते साडेसहाला उतरणार, निवायला तास, मग गाळणं, बाटलीत भरणं, धुणं. साडेआठ होतात. प्रयोगशाळा साडेपाचला बंद. मध्येच थांबवलं तर पदार्थ काळा पडतो, दोनदा पडला होता. परीक्षकांनी तेच उत्तर चार वेळा काढून दाखवा म्हटलंय. सुधारलेला प्रबंध द्यायला तीन आठवडे उरलेत, मुदतवाढ दोनदा घेऊन झालीय आणि तिसरी मिळत नाही.

“म्हणजे चार संध्याकाळी नाही मिळाल्या तर पाच वर्षं पाण्यात,” मुलगी म्हणाली. रडली नाही. बाईंना त्यातल्या त्यात ते बरं वाटलं.

“मग पाच वर्षांसाठी दोन ओळी?” बाईंनी दोन ठिकाणी ‘कोण?’ लिहिलं आणि कागद परत दिला.

दुसरा अर्ज दुसऱ्या दिवशी आला. तो चांगला तीन पानांचा. हातमोजे घालण्यात येतील, गॉगल लावण्यात येईल, अग्निशामक नळकांडे जवळ ठेवण्यात येईल, नळी घट्ट बसवण्यात येईल. बाईंनी अकरा वेळा ‘कोण?’ लिहिलं आणि त्यांचं मनगट दुखायला लागलं.

तिसऱ्याबरोबर गाईडसरच आले. वयाने बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण बोलणं मात्र कुलगुरूंचं.

“मॅडम, एवढं काय त्यात? देखरेखीला मी आहे ना. मी फोनवर उपलब्ध राहीन.”

“फोनवरून आग विझते का, सर?”

“तसं नाही, पण काही झालंच तर…”

“काही झालंच तर ती हातात पेटती बाटली घेऊन तुमचा नंबर लावणार? उंटावरून शेळ्या हाकायचं काम नाही हे. संध्याकाळी इथे कोणी एकटं काम करणार नाही. ज्याला विजेचं मुख्य बटण आणि नळकांडं कुठे आहे ते माहीत आहे असं दुसरं माणूस या खोलीत हवं. शेजारच्या खोलीत नाही. कँटीनमध्ये नाही. त्या माणसाचं नाव आणि त्या माणसाची सही.”

“पाचनंतर मला जमत नाही हो. घरचं असतं.”

“घर मलाही आहे,” बाई म्हणाल्या. सर गेले. मुलगी दारात तशीच उभी राहिली, आणि बाईंना तिचा, सरांचा आणि मुख्य म्हणजे स्वतःचा भयंकर राग आला. मुलीचं काम खरं होतं. पण म्हणून खोट्या कागदावर सही करायची?

“सोमवारपर्यंत वेळ आहे,” त्या म्हणाल्या. “शोभेचं काही लिहू नकोस. खरं तेवढं लिही.”

ही चूक झाली. माणसाने कोणाला खरं लिहायला सांगताना जरा विचार करावा.

चौथा अर्ज सोमवारी सकाळी टेबलावर होता. दीड पान, स्वच्छ अक्षर. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि वाचायला लागल्या.

‘मी चार दिवस, सोमवार ते गुरुवार, साडेपाच ते साडेआठ काम करीन. साडेपाचनंतर मी कोणतंही नवीन रसायन उघडणार नाही किंवा ओतणार नाही. त्या वेळेत फक्त उकळणं, निववणं आणि गाळणं चालेल. थंड पाण्याच्या नळीला दोन्ही टोकांना मी पट्ट्या आवळीन आणि दर अर्ध्या तासाला तपासून वहीत वेळ लिहीन. हीटर चालू असताना मी खोली सोडणार नाही. जावंच लागलं तर आधी हीटर बंद करीन. शेगडी किंवा ज्योत खोलीत नसेल. फाटकावरच्या चौकीदारकाकांना मी रोज आल्यागेल्याचं सांगीन; त्यांनी हो म्हटलं आहे.’

एकही ‘येईल’ नाही. बाईंचं पेन नुसतंच हवेत.

‘देखरेख : सोमवार आणि बुधवार, प्रयोगशाळेचे दादा. मंगळवार, गाईडसर, स्वतः हजर.’ दोघांच्याही सह्या. सरांची सही जरा वाकडी होती, बहुधा भिंतीला कागद टेकवून घेतलेली. हिने त्यांना गाठलं कुठे देव जाणे.

‘गुरुवारसाठी मी सहा जणांना विचारलं. कोणी मिळालं नाही.’

आणि त्याखाली शेवटचा मुद्दा. ‘डोळे धुण्याच्या नळाला पाणी येत नाही. त्यामुळे डोळ्यात काही गेल्यास तो वापरीन असं मी लिहू शकत नाही. सोबत तपासणीच्या नोंदवहीची प्रत जोडली आहे.’

बाईंनी पान उलटलं. दर सोमवारी हा नळ सोडून पाहायचा आणि नोंद करायची, हा बाईंचा स्वतःचा नियम. एकही सोमवार चुकला नव्हता. एकाखाली एक एकोणतीस नोंदी, त्याच हिरव्या शाईत, त्याच टोकदार अक्षरात.

‘पाणी नाही. दुरुस्ती करून घेण्यात येईल.’
‘पाणी नाही. दुरुस्ती करून घेण्यात येईल.’
‘पाणी नाही. दु. क. घे. येईल.’

पहिला राग आला तो अर्थातच मुलीचा. काय आगाऊ कार्टी आहे! दुसरा राग देखभाल विभागाचा, कारण पहिल्याच महिन्यात त्यांना एक चिठ्ठी धाडली होती. तिसरा राग यायला जरा वेळ लागला, पण आला तो जाईचना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ते इतकं शब्दशः कोणाच्या वाट्याला आलं नसेल. एकोणतीस आठवडे वीस-बावीस पोरं त्या खोलीत आम्लं ओतत होती. एखाद्याच्या डोळ्यात गेलं असतं तर चौकशीत विचारलं असतं, दुरुस्ती कोण करून घेणार होतं? बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या तशाच उठल्या आणि खालच्या मजल्यावर देखभाल विभागात गेल्या.

“अर्ज ठेवून जा,” तिथला कारकून म्हणाला. “कळवण्यात येईल.”

बाईंनी खुर्ची ओढली, त्याच्या टेबलासमोर बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. “मी बसते. मला इथेच कळवा.”

पाऊण तासाने प्लंबर आला. वर येऊन त्याने नळ पाहिला, बेसिनखाली वाकला, मग बाहेर बोळात जाऊन भिंतीवरच्या पाइपाकडे बघत राहिला. तिथे डोक्याच्या उंचीवर पाणी बंद करायची एक चाकी होती. बाई त्या चाकीजवळून रोज दोनदा जायच्या. प्लंबरने ती फिरवली. आत फसफस आवाज झाला, तपकिरी पाणी आलं, पाचेक मिनिटांनी निवळलं.

“व्हॉल्व्ह बंद होता, मॅडम. रंगकामाच्या वेळी बंद केला असणार.”

“कोणी?” बाईंच्या तोंडून सवयीने गेलं.

“ते आता काय सांगणार?” प्लंबर हात पुसत म्हणाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंना हसावं की डोकं आपटावं कळेना. त्यांनी घड्याळ लावून पंधरा मिनिटं धार चालू ठेवली, कारण डोळे तेवढा वेळ धुवावे लागतात, आणि सगळा वेळ तिथे उभ्या राहिल्या.

मग मुलीला बोलावलं. मुलगी आली ती घाबरूनच.

“नोंदवहीची प्रत कोणी काढली?”

“मी, मॅडम.”

“हं,” बाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं होतं.

त्यांनी अर्ज पुढे ओढला. खाली परवानगीची जागा होती, तिथे त्यांचा हात नेहमीचं लिहायला लागला. ‘परवानगी देण्यात ये’ इतकं झाल्यावर थांबला. त्यांनी ते खोडलं. खाली लिहिलं, ‘मी परवानगी देते. नळ आज दुरुस्त करून घेतला, पंधरा मिनिटं चालवून पाहिला.’ सही केली.

“पण मॅडम, गुरुवार?” मुलगी हळूच म्हणाली. “तीन वेळा करून चालणार नाही. चारच लागतात.”

“दिसतंय मला.” बाईंनी गुरुवारच्या ओळीपुढे हिरव्या शाईत ‘कोण?’ लिहिलं. त्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्याच्यापुढे लिहिलं, ‘मी.’

“मॅडम, तुम्ही…”

“काही बोलू नकोस. माझे पाय दुखतात, मी खुर्चीवर बसणार आहे. आणि मला संशोधन समजावून सांगायचं नाही. जा आता, मांडणी कर. पावणेअकरा झालेत, उशीर तुझ्यामुळे नाही झाला, आज पावणेदहापर्यंत थांबायला दादांना मी सांगते.”

मुलगी पळाली. बाईंनी दादांना सांगितलं. मग घरी फोन लावला.

“गुरुवारी मला यायला नऊ वाजतील,” त्या म्हणाल्या.

पलीकडे पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. “नऊ? मग स्वयंपाक कोण करणार?”

बत्तीस वर्षं सरकारी पत्रं लिहिलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द बाई जन्मात पहिल्यांदा ऐकत होत्या.

“करण्यात येईल,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.