सहावं पान

नववीतली लंबू पातळ पुस्तकांना जरा सरावली, तशी ग्रंथपालबाईंनी घाईने तिच्या हाती जाडजूड कादंबरी दिली. आज ती टेबलावर आपटून लंबू म्हणाली, "माझ्याच्यानं नाही होत, बाई. वाचनतासातून नाव काढा माझं."

बाईंनी कादंबरी उचलून बाजूला ठेवली. आता गेली, तर ही पोरगी पुन्हा फिरकणार नव्हती.

"चूक माझी. एकदम दोन पायऱ्या चढवल्या तुला." त्यांनी तीन बारकी पुस्तकं पुढे सरकवली. "तूच निवड. रोज पाचच पानं."

"बाळबोध नाहीत ना?"

"एकात घरातून पळालेली मुलगी आहे."

लंबूने तेच उचललं आणि उभ्यानेच वाचू लागली. बाई तिची पानं मोजत कपाट आवरत राहिल्या.

"झाली पाच. ठेव आता."

"थांबा हो बाई, ती सापडणारे," म्हणत लंबूने पान उलटलं.