लाखेसकट वीस ग्रॅम

आईची बोरमाळ आजोबांनी तिच्या लग्नात घातलेली, दोन तोळ्यांची. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ती घाटकोपरच्या सराफाला विकली. सराफ आमच्याच गावचा. त्याने माळ आटवली आणि सोनं भरलं सव्वा तोळ्याच्या आसपास. माळ गेल्याचं आईला एवढं लागलं नाही, तेवढं हे लागलं. आजोबा भेटायला आले तेव्हा ती त्यांना तोंडावर म्हणाली, ‘बाबा, दोन तोळे सांगून फसवलंत मला.’  पुढच्या वर्षी ते गेले, आणि आईच्या मनातली अढी तशीच राहिली.

मला नोकरी लागल्यावर दोन बोनस साठवून मी पाच हजार उभे केले आणि आईला सांगितलं, चल, बोरमाळ घेऊ. तिची अट एकच, या वेळी दोन तोळे म्हणजे दोन तोळेच.

आधी गाववाल्याकडे गेलो. त्याने चहा मागवला, वीस ग्रॅमची माळ काट्यावर ठेवली आणि हिशोब मांडला. बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला एकशे नव्वद, म्हणजे अडतीसशे. मजुरी ग्रॅमला दहा, दोनशे. घट शेकडा चार, म्हणजे घडवताना कानशीत नि भट्टीत जे सोनं उडतं त्याची भरपाई, एकशे बावन्न. वर विक्रीकर शेकडा दोन. एकूण चार हजार दोनशे पस्तीस. आई खूश. पण मी पडले हट्टी. दुसरीकडे विचारल्याशिवाय मी भाजीसुद्धा घेत नाही, सोनं काय घेणार! तिला ओढत मुलुंडला नेलं.

मुलुंडचा सराफ म्हातारा, बोलायला तुसडा. भाव तोच. मजुरी मात्र ग्रॅमला पंचवीस, घट शेकडा आठ. आईने मला कोपरखळी मारली, ऊठ म्हणून. मलाही वाटलं, हा तर दिवसाढवळ्या लुटतोय. पण त्याने तशीच, तेवढ्याच मण्यांची माळ काट्यावर ठेवली, वीस ग्रॅमच भरली, आणि कागदावर बेरीज केली तीन हजार दोनशे सत्त्याऐंशी. जवळजवळ साडेनऊशे रुपये कमी! मजुरी अडीचपट, घट दुप्पट, आणि बिल कमी कसं? मी म्हटलं, म्हातारा चुकला. त्याचा कागद ओढून परत मांडायला बसले. सोन्याचे त्याने सव्वीसशे साठच धरले होते. एकशे नव्वदने भागलं तर चौदा ग्रॅम आले.

मी विचारलं, माळ वीस ग्रॅमची नि पैसे चौदाचे कसे? आई तर भडकलीच. मला दोन तोळे पाहिजेत, चौदा ग्रॅम कोणी मागितलेत, म्हणून तिने पिशवी उचलली.

म्हाताऱ्याने खणातून एक फुटका मणी काढला आणि चिमट्याने दाबला. वरचा पत्रा कागदासारखा वाकला, आतून तपकिरी चुरा गादीवर सांडला. लाख होती ती. बोरमाळेचे मणी लाखेने भरतात, नाहीतर चेपतात, तो म्हणाला. माळेत सहा ग्रॅम लाख आहे, तिचे पैसे मी घेत नाही. मजुरी नि घटही सोन्यावरच.

माझं डोकं सटकलं. गाववाल्याने आमच्या गळ्यात लाख सोन्याच्या भावाने मारायला घेतली होती, वर तिच्यावर मजुरी, घट नि करसुद्धा! आणि आईची माळ विकत घेताना मात्र आटवून, लाख जाळून, फक्त सोनं मोजलं होतं. वा रे गाववाला! मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता घाटकोपरला जाऊ, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर विचारते त्याला.

आई मात्र तो चुरा बोटाने गोळा करत बसली होती. तिने हळूच विचारलं, ‘पूर्वीसुद्धा माळा लाखेसकटच वजन करून देत?’

‘बहुतेक ठिकाणी तसंच,’ म्हातारा म्हणाला. ‘गिऱ्हाईक दोन तोळ्यांचे पैसे मोजायचं. घरी दोन तोळेच सांगायचं.’

 मग आईनेच मला पैसे काढायला सांगितले. बिलावर सोनं चौदा ग्रॅम आणि लाख वेगळी लिहून घेतली. म्हाताऱ्याने डबी पुढे केली, ती तिने उघडलीसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मी परत घाटकोपरचा विषय काढला. सोडायची नाही त्याला, असं काहीतरी तावातावाने बोलत होते. आईने माझा हात धरला.

‘त्याच्याशी भांडून काय करू गं?’ ती म्हणाली. ‘मला बाबांना सांगायचंय, तुम्ही खोटं बोलला नव्हतात. ते आता कुठे आहेत ऐकायला?’