मधोमध दुमडणारे बूट

धुळ्याच्या शाळेत शिकवू लागले, तेव्हा हौसेने पातळ तळाचे नाजूक, सपाट बूट घेतले. काही आठवड्यांतच सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकू लागली.

माझा बूट हातात घेऊन मधोमध दुमडत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात पायाच्या कमानीला आधार नाही, टाचेखाली गादी नाही. दिवसभर उभं राहून तळव्याचा पट्टा ताणला जातोय."

यांना माझी फॅशनच खुपतेय, असा मला संशय आला. "मग बोजड बूट घालू?"

"नाजूकच घ्या. पण बोटांपाशी वाकेल, मधोमध दुमडणार नाही, असा बघा."

दुकानदार म्हणाला, "अक्का, हा एकदम नरम शे." त्याच्यावरही विश्वास न ठेवता मी एकेक बूट वाकवून पाहिला. शेवटी फक्त बोटांपाशी वाकणारा, टाच घट्ट धरणारा, आत कमानीशी उंचवटा असलेला लाल बूट घेतला. ठणका हळूहळू कमी झाला.