आवडाबाईची मूठ

ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळच्या आमच्या व्यायामशाळेच्या दारात आवडाबाई फुटाणे विकायची. एकोणीसशे त्रेपन्न साली, मी तिथे जोर काढायला जायचो तेव्हा तिला त्या दारात वीस वर्षं झालेली होती. मिठागरावर काम करणाऱ्या घरातली बाई. नवरा लवकर गेला, मग हिने डोक्यावर टोपली घेतली. तराजू तिने आयुष्यात वापरला नाही. एका आण्याला एक मूठ, आणि वर वरताळा म्हणून थोडे आणखी. हा वरताळा किती, ते मात्र समोर कोण उभा आहे त्यावर ठरायचं.

आमचा मोरू चांगला गलेलठ्ठ होता. त्याला ती अर्धवट मिटलेली मूठ द्यायची आणि वरून म्हणायची, "तुला पुरं हाय." गणू नुसता काडी. त्याला मूठ संपल्यावर आणखी अर्धी. मोरूने तक्रार केली की ती उलट त्याच्या मुठीतले चार दाणे काढून गणूला द्यायची. वीस वर्षं हे असंच चाललेलं होतं आणि तालमीतल्या सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत होत्या.

मग प्रभाकर सेक्रेटरी झाला. कोर्टात कारकून, नौपाड्यात राहायचा, आणि दीड वर्षांपूर्वी त्याला आहारशास्त्राचं एक सरकारी पुस्तक मिळालेलं. माणसाला वाचायला येतं म्हणून त्याने काहीही वाचावं का, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. त्या पुस्तकातल्या तक्त्यात जे नाही ते प्रभाकर खाईना. त्याच्या बायकोच्या, चित्रावहिनींच्या हातचं वालाचं बिरडं तक्त्यात नव्हतं, ते गेलं. मग भरलं वांगं गेलं. दीड वर्षात त्याच्या मनगटाचं हाड आणि कोपराचं हाड एवढंच काय ते शिल्लक राहिलं. तो आम्हाला शरीर कसं कमवावं ते सांगायचा.

दारात एकाच विक्रेत्याला जागा, असा ठराव त्याने केला. व्यायामानंतर खायला सगळ्यात जास्त प्रथिनं ज्याच्या एका मुठीत, जागा त्याची. खारे दाणे विकणारा गोमाजी आणि चिक्कीवाला राघो हे दोघे केव्हापासून त्या जागेवर डोळा ठेवून होते. आवडाबाईला ठराव वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मंग मी कुठं बसू?" प्रभाकर म्हणाला, ते आकड्यांवर ठरेल. मला त्याचा इतका राग आला की त्या दिवशी माझे पन्नास जोर जास्त झाले.

परशुराम सोनाराला त्याच्या काट्यासकट बोलावलं. प्रभाकरने फळ्यावर लिहिलं: अडीच तोळे, म्हणजे जवळजवळ तीस ग्रॅम. तेवढ्या फुटाण्यांत प्रथिनं साडेसहा ग्रॅम, स्निग्ध दीड, पिष्ट सतरा, उष्मांक एकशेदहा. तेवढ्याच दाण्यांत प्रथिनं पावणेआठ, पण स्निग्ध बारा, पिष्ट सहा आणि उष्मांक एकशेसाठ. चिक्कीत अर्धा गूळ, म्हणून प्रथिनं चारच, स्निग्ध सहा, पिष्ट पुन्हा सतरा, उष्मांक एकशेचाळीस.

"म्हंजे माझाच नंबर," गोमाजी म्हणाला.

"वजनाला वजन धरलं तर हो," प्रभाकर म्हणाला. "उष्मांकाला उष्मांक धरलं तर फुटाणे पुढे. पण ठराव मुठीचा आहे. गिऱ्हाइकाला देता तशीच मूठ द्यायची."

चिक्की मुठीत मावेना. राघोने वडी तळहातावर धरून बोटं मिटली, तिचे तुकडे चहूकडे उडाले आणि ते वेचायला आम्ही सगळे जमिनीवर. मुठीत राहिले दोन तोळे. राघो तिथेच बाद झाला. त्याला वाईट वाटलं नाही. वडी चांगली कडक झालेली आहे हे त्याने दोनदा सांगितलं.

गोमाजीचा हात म्हणजे सूप. त्याने पातेल्यात हात घातला, काढला, काट्यावर चार तोळे. साडेबारा ग्रॅम प्रथिनं.

आवडाबाईपुढे आधी मोरू आला. पावणेदोन तोळे. मग गणू गेला. चार तोळे. मग मी. तीन. प्रभाकरने खोडून खोडून फळा पांढरा केला.

"बाई, एकच काय ते ठरव!"

"मी काय ठरवतंय? ज्याला जवढा लागतो तवढा."

गोमाजी ओरडला, "ती तोंड बघून देते! तोंड झाका!"

म्हणून दोन खांबांना चादर बांधली. चादरीमागे उभं राहायला निःपक्षपाती माणूस हवा, आणि आवडाबाईकडून कधीच काही न घेतलेला असा तिथे एकच होता. तो प्रभाकर. तिच्या मुठीचं वजन ठाऊक नसल्याने तो वर्षभर तिच्यासमोरून खिशात हात घालून जायचा. तिला सांगितलं, चादरीतून हात येईल, त्यावर मूठ घाल.

आवडाबाईने टोपलीत हात घातला आणि तो तिथेच राहिला. आम्ही वाट बघत होतो. तिच्या कपाळावर घाम आला. "तोंड बघितल्याशिवाय माझी मूठ मिटत नाय रे," ती म्हणाली. वीस वर्षांची जागा चाललेली मला दिसत होती आणि मला रडू येत होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. गोमाजीने आपलं पातेलं उचलून दाराकडे दोन पावलं टाकलीसुद्धा.

तेवढ्यात चादरीच्या फटीतून हात बाहेर आला. आवडाबाईने तो मनगटाला धरला, उलटा केला, सुलटा केला.

"अगं माझे आये," ती म्हणाली. "याच्या घरात कोनी हाय का नाय?"

तिने मूठ घातली. मुठीवर वरताळा घातला. हात खाली जाऊ लागला तसा तिने तो पकडून ठेवला आणि वरताळ्यावर आणखी घातला. फुटाणे बोटांतून गळायला लागले तेव्हा चादरीमागून दुसरा हात आला आणि पहिल्याच्या खाली लागला. तो हात कोणी मागितलेला नव्हता.

परशुरामाने तोलले. पाच तोळे. तेरा ग्रॅम.

"ही काय मूठ झाली?" गोमाजी म्हणाला.

प्रभाकर चादरीमागून बाहेर आला. त्याने फळ्याकडे पाहिलं, मग काट्याच्या पारड्याकडे. "गिऱ्हाइकाला देतात तशी, असाच ठराव आहे," तो हळूच म्हणाला. "फुटाणे अर्ध्या ग्रॅमने पुढे."

आवडाबाईला तेव्हा कळलं तो हात कोणाचा ते. "तू व्हय?" ती म्हणाली. "मंग खा की. बघतोस काय?"

फळ्यावरच्या त्या आकड्यांचा तक्ता पुढे कित्येक वर्षं आमच्या व्यायामशाळेत टांगलेला होता. फुटाण्यांच्या ओळीत, मुठीचं वजन या रकान्यात, प्रभाकरच्या कोर्टातल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: समोर कोण आहे ते पाहून.

पारड्यातले पाच तोळे मात्र त्याने कुठेच लिहिले नाहीत. ते त्याने तेव्हाच, उभ्या उभ्या, सालांसकट संपवले आणि पुन्हा हात पुढे केला.