पुढे न जाणारं बटण

मला चक्कर यायला लागली तेव्हा मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही, कारण सांगणार तरी काय? तिथे माझी ओळखच 'ॲनिमेशनवाला' अशी. वेबसाइटवर कार्ड सरकत येणार, बटण उसळणार, पान उलटणार, हे सगळं मीच करतो. आणि आता तेच बघितलं की गरगरायला लागतं! ठाण्यात कोपरीतल्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानातला तोल सांभाळणारा भाग बिघडलाय, बरं व्हायला वेळ लागेल. डोंबिवलीला आईला फोन केला तर ती म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. वेळेवर जेवतोस ना?" म्हटलं, जेवतो. इथे ठाण्यात बाळकुमच्या फ्लॅटवर मी एकटाच, त्यामुळे जेवतो की नाही ते बघणारं कोणी नव्हतं.

एका सकाळी लॅपटॉपवर रिड्यूस मोशन चालू केलं. हालचाल कमी करायची ती सेटिंग, जिला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. आणि काय सांगू, एकदम शांत! स्क्रीनवरच्या खिडक्या उडत येईनात, नुसत्या दिसायला लागल्या. तोच लॅपटॉप घेऊन मी तसाच ऑफिसला गेलो.

दुपारी डेमो होता. एका दवाखान्याची अपॉइंटमेंटची साइट आम्ही चालवतो, तिची नवीन पानं दवाखान्याच्या मालकांना दाखवायची होती. आमच्या टीमचा सीनियर माझ्या बाजूला, मालक व्हिडिओ कॉलवर. मी नाव टाकलं, 'पुढे' दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. पान जागचं हलेना.

"काय रे, नेट गेलं काय?" सीनियरने विचारलं.

नेट होतं. पाच-सहा वेळा दाबल्यावर डोक्यात प्रकाश पडला आणि कान गरम झाले. खूप आधी, जुन्या पानांपासूनच, मी साइटच्या कोडमध्ये एक ओळ टाकलेली: ज्याचं रिड्यूस मोशन चालू असेल त्याच्यासाठी सगळी ॲनिमेशनं बंद. कुठूनतरी कॉपी केलेली, स्वतःवरच खूश होऊन. तपासली मात्र कधीच नव्हती. आणि फॉर्मचं पुढचं पान कधी दाखवायचं? आधीचं पान सरकून बाहेर गेलं, ॲनिमेशन संपलं, असा इशारा आला की. आता ॲनिमेशनच बंद, तर ते संपणार कधी? इशारा येणार कुठून? कोड आपला वाट बघत बसलेला.

"मला चक्कर येते म्हणून ही सेटिंग चालू केलीय," असं मी म्हणणार होतो. म्हणालो, "एक मिनिट, सेटिंगचं आहे." आणि सेटिंग बंद केली. पानं सरकायला लागली, मालक "छान छान" म्हणाले, आणि मी टेबलाची कड घट्ट धरून डेमो पूर्ण केला.

नंतर सीनियर म्हणाला, "ती ओळच काढून टाक ना यार. कोणाकडे चालू असते ती सेटिंग?"

"माझ्याकडे."

मग सगळं सांगितलं, चक्कर, डॉक्टर. तो वाईट नाही हां. म्हणाला, "आधी बोलायचंस ना! मग ओळ ठेव, पण नीट कर. आणि सरकायची कामं सध्या दुसऱ्या कोणाला देतो, तू फक्त फॉर्म बघ." खांद्यावर थाप मारून जागेवर गेला. माझं आवडतं काम त्या थापेबरोबर गेलं.

तासाभरात दुरुस्त केलं. सेटिंग चालू असेल तर इशाऱ्याची वाट बघायचीच नाही, पुढचं पान थेट दाखवायचं. या वेळी सेटिंग चालू ठेवून शेवटपर्यंत तपासलं.

मग सहज जुन्या तक्रारी चाळल्या. एक सापडली, कल्याणच्या एका बाईंची: 'पुढे दाबते, काही होत नाही. मला चक्करेचा त्रास आहे, दवाखान्यात फोन लागत नाही, म्हणून इथे प्रयत्न करतेय.' खाली उत्तर: 'आमच्याकडे नीट चालतंय, कृपया ब्राउझरचं कॅशे क्लियर करा.' आणि तक्रार बंद. उत्तर देणारा मीच.

चक्करेचा त्रास. त्यांनी चक्क लिहिलेलं होतं! मी ते वाचलंही असणार. फक्त तेव्हा मला चक्कर येत नव्हती.

मी त्यांना लांबलचक मेल लिहिली. चूक माझी होती, ती सेटिंग चालू असलेल्यांसाठी बटण अडकायचं, आता सुधारलंय, मलाही तोच त्रास आहे, सगळं. एवढं तर आईलाही सांगितलं नव्हतं. पाठवल्यावर दर दोन मिनिटांनी इनबॉक्स उघडत होतो, जशी काय मैत्रीणच मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

'कळवल्याबद्दल धन्यवाद. मी तेव्हाच दुसरा डॉक्टर बघितला. तुम्ही काळजी घ्या.'

मी ती तक्रार उघडली, 'आमच्याकडे नीट चालतंय'च्या खाली खरं कारण लिहिलं आणि सेव्ह केलं.